वेष्टनावरचा उजेड आणि पाच वर्षांचा हिशेब

विजेचा दिवा विकत घेताना दुकानदाराच्या हाती जी रक्कम आपण ठेवतो, ती त्या दिव्याची पूर्ण किंमत नसून केवळ पहिला हप्ता असतो, आणि उरलेले हप्ते दर महिन्याच्या वीजबिलातून, कोणत्याही स्वतंत्र रकान्यात न दिसता, वर्षानुवर्षे वसूल होत राहतात, ही गोष्ट तत्त्वतः सर्वांना मान्य असली तरी खरेदीच्या क्षणी तिचे स्मरण फार थोड्यांना राहते. सत्तर रुपयांचा दिवा आणि एकशेऐंशी रुपयांचा दिवा शेजारी शेजारी मांडले असता पहिला स्वस्त व दुसरा महाग हा निकाल डोळे क्षणार्धात देऊन मोकळे होतात. परंतु पाच वर्षांच्या मुदतीत त्यांपैकी कोणता दिवा घरातून अधिक पैसा बाहेर नेईल, याचा निर्णय करावयाचा तर वेष्टनावर छापलेले तीन आकडे, वीजबिलावरचा एक आणि आपल्या दिनक्रमातून निघणारा एक, असे पाच आकडे एकत्र आणावे लागतात. प्राथमिक शाळेतील गुणाकार-भागाकार या कामाला पुरतो. अवघड आहे ते हे की, या प्रत्येक आकड्याला स्वतःचा एक स्वभाव आहे, आणि तो न ओळखता केलेला बिनचूक गुणाकारही चुकीच्या दिव्यापाशी नेऊन सोडतो.

पुण्याच्या कर्वेनगर भागातील एका सहकारी गृहरचना संस्थेत गेल्या पावसाळ्यानंतर हा हिशेब प्रत्यक्ष मांडला गेला आणि तो जवळून पाहण्याची संधी मला मिळाली. संस्थेच्या जिन्यांत व वाहनतळात मिळून चोवीस दिवे आहेत. ते सायंकाळी सहाला लागतात आणि सकाळी सहाला मालवतात. जुने दिवे एकामागून एक निकामी होऊ लागल्यावर नवे एकदमच घ्यावेत असे ठरले, आणि खजिनदारीण बाईंनी, ज्यांची सारी नोकरी शासकीय कोषागारात गेली होती, अशी तजवीज केली की कोणीही थेट खरेदी करू नये. ज्याला जो दिवा योग्य वाटेल त्याने त्याच्या खोक्याची छायाचित्रे काढून पाठवावीत, म्हणजे निवड एका बैठकीत कागदावर होईल. कोणी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जाऊन दुकानाच्या फळीवरच्या खोक्यांची छायाचित्रे काढली, कोणी घरबसल्या विक्रीच्या संकेतस्थळांवरची उतरवून घेतली. उत्पादकांची नावे मी येथे देत नाही, कारण नमुने वारंवार बदलतात, आणि वाचकाला उपयोगी पडणारी गोष्ट नाव नसून पद्धत आहे.

वॉटची सवय

छायाचित्रांचा ढीग पाहताच पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की बहुतेक सर्व खोक्यांच्या दर्शनी बाजूवर सर्वांत मोठा आकडा वॉटचा होता. वॉट म्हणजे दिवा किती वीज घेतो त्याचे माप. तो किती उजेड देतो त्याचे माप ल्युमेन, आणि ते पाठीमागे किंवा कडेच्या पट्टीवर बारीक अक्षरांत असते. ही रचना निष्कारण आलेली नाही. तारेच्या जुन्या दिव्यांच्या काळात सगळ्या उत्पादकांचे दिवे एका वॉटमागे जवळजवळ सारखाच उजेड देत असत, म्हणून ‘साठचा दिवा’ आणि ‘शंभराचा दिवा’ हे शब्द विजेचे माप सांगत असूनही व्यवहारात उजेडाचे माप म्हणून बिनदिक्कत चालले. साठ वॉटचा तारेचा दिवा सुमारे सातशे ल्युमेन देई, म्हणजे एका वॉटमागे बारा ल्युमेनच्या आसपास. बाकीची बहुतेक वीज उष्णतेच्या रूपाने जाई. या सवयीने नुकसान किती होत असे याचा दाखला म्हणजे प्रत्येक घराच्या देवघरात व मधल्या खोलीत रात्रभर जळणारा ‘झिरोचा’ दिवा. त्याचे नाव शून्याचे असले तरी तो प्रत्यक्षात पंधरा वॉटच्या आसपास वीज घेई, आणि रोज आठ तास या मानाने वर्षाला सुमारे चव्वेचाळीस युनिटे खाई.

एलईडी दिव्यांनी हे समीकरण मोडले. आता नऊ वॉटचे दोन दिवे एका वॉटमागे नव्वद आणि एकशेवीस ल्युमेन इतक्या भिन्न प्रमाणात उजेड देऊ शकतात, आणि म्हणून नुसत्या वॉटवरून उजेड ओळखण्याचा मार्ग कायमचा बंद झालेला आहे. या दिव्यांचा प्रसारही आपल्याकडे फार झपाट्याने झाला. २०१५ च्या जानेवारीत केंद्र सरकारने पुढे उजाला या नावाने ओळखली जाऊ लागलेली योजना सुरू केली. तिच्यासाठी एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या सरकारी कंपनीने एकगठ्ठा खरेदी केली, आणि २०१४ मध्ये एका दिव्यामागे ३१० रुपये असलेला खरेदीचा दर २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. किंमत इतकी उतरल्यावर ‘एलईडी घ्यावा की नाही’ हा प्रश्न उरला नाही. ‘कोणता एलईडी घ्यावा’ हा प्रश्न उरला, आणि त्याचे उत्तर पहिल्यापेक्षा पुष्कळ सूक्ष्म आहे.

छायाचित्र वाचण्याची रीत

खजिनदारीण बाईंनी एक कोरा तक्ता आखला व त्यात दिव्याचे वॉट, ल्युमेन, प्रत्यक्ष विक्रीची किंमत आणि हमीची मुदत असे रकाने पाडले. ज्या छायाचित्रावरून यांपैकी एखादा रकाना भरता येत नव्हता, ते छायाचित्र त्यांनी बाद केले नाही, परत पाठवले; खोक्याच्या चारही बाजू व वरचे झाकण असे पुन्हा काढून आणण्यास सांगितले. या आग्रहाचे कारण लवकरच स्पष्ट झाले. संकेतस्थळांवरची पुष्कळशी चित्रे ही खऱ्या खोक्याची नसून संगणकावर तयार केलेली होती. त्यांत दर्शनी बाजू सुबक दिसे, परंतु ल्युमेनचा आकडा, निर्मितीचा महिना व कमाल किरकोळ किंमत ज्या बाजूवर असते ती बाजूच नसे. दुकानात काढलेल्या छायाचित्रांचा दोष वेगळा होता. चकचकीत पुठ्ठ्यावर दुकानातल्याच दिव्याची तिरीप पडून बारीक छपाईतला आठाचा आकडा शून्यासारखा किंवा सहासारखा दिसे.

यावर बाईंनी योजलेली कसोटी साधी आणि अत्यंत उपयुक्त आहे: ल्युमेनला वॉटने भागावे. घरगुती वापराच्या साध्या एलईडी दिव्यात हा भागाकार ऐंशी ते एकशेवीस यांच्या दरम्यान येणे स्वाभाविक आहे, आणि अधिक किमतीच्या काही नमुन्यांत तो त्याहूनही वर जातो. सत्तर-ऐंशी रुपयांच्या दिव्याचा भागाकार एकशेऐंशी आला, तर एकतर आपण आकडा चुकीचा वाचला आहे किंवा छापणाऱ्याने तो चुकीचा छापला आहे, आणि दोन्ही परिस्थितींत त्या आकड्यावर हिशेब बांधणे योग्य नव्हे. भारतात एलईडी दिव्यांवर ऊर्जा दक्षता ब्यूरोची तारांकित पट्टी २०१८ पासून सक्तीची आहे, आणि तिच्यावरील ताऱ्यांची संख्या याच भागाकारावर ठरते. त्यामुळे पट्टीवर तारे थोडे आणि खोक्यावर ल्युमेन भरमसाट, असा विसंवाद दिसला की तेथेच थांबावे.

याखेरीज दोन बारकावे आहेत. पहिला रंगाचा. एकच नमुना पांढऱ्या व पिवळसर अशा दोन छटांत निघतो, आणि पिवळसर छटेचे ल्युमेन सामान्यतः काहीसे कमी असतात. पुष्कळ खोक्यांवर दोन्ही आकडे छापून आत कोणता दिवा आहे ते एका लहानशा खुणेने किंवा चिकटपट्टीने दर्शवलेले असते. ६५०० के म्हणजे पांढरा, ३००० के म्हणजे पिवळसर, हे ध्यानात ठेवून आपण घेणार असलेल्या छटेसमोरचाच आकडा उतरून घ्यावा. दुसरा बारकावा किमतीचा. खोक्यावर छापलेली कमाल किरकोळ किंमत आणि दुकानात प्रत्यक्ष पडणारी किंमत यांत कधी कधी निम्म्याहून अधिक तफावत असते; म्हणून एका दिव्यासाठी छापील किंमत व दुसऱ्यासाठी सवलतीची किंमत धरली, तर तुलना निरर्थक ठरते. चार दिव्यांचा संच असेल तर संचाच्या किमतीला चाराने भागून एका दिव्याची किंमत लिहावी.

‘साठ वॉटच्या बरोबरीचा’ यासारखी वाक्ये मात्र तक्त्यात उतरवू नयेत. त्यांना हिशेबात स्थान नाही, कारण त्यांतला साठ हा आकडा कोणत्या दिव्याचा हे छापणाऱ्याने ठरवलेले असते, आणि ल्युमेनचा आकडा समोर असताना त्याची गरजही उरत नाही.

युनिटचा खरा दर

आता वीजबिलाकडे वळावयाचे. महावितरणच्या बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क अशी निरनिराळी कलमे असतात, आणि पुष्कळ जण एकूण रकमेला एकूण युनिटांनी भागून जो आकडा येतो तोच आपला दर मानतात. दिव्यांच्या तुलनेसाठी हा दर योग्य नाही. स्थिर आकार दिवा बदलल्याने कमी होत नाही, म्हणून तो प्रथम वगळला पाहिजे. उलटपक्षी, घरगुती ग्राहकांना वीज टप्प्याटप्प्याने अधिकाधिक दराने आकारली जाते, आणि दिवा बदलून जी युनिटे वाचतात ती सर्वांत वरच्या टप्प्यातली, म्हणजे सर्वांत महाग असतात. म्हणून आपल्या घराचे बिल ज्या टप्प्यात संपते त्या टप्प्याचा वीज आकार घ्यावा, त्यात वहन आकार व इंधन समायोजन मिळवावे, आणि त्यावर वीज शुल्क चढवावे. जो आकडा निघेल तो वाचलेल्या युनिटचा खरा दर. महिन्याला शंभर युनिटांच्या आत राहणारे कुटुंब आणि अडीचशे युनिटे वापरणारे कुटुंब एकाच गल्लीत राहत असले तरी त्यांचे हे दर फार भिन्न असतात, आणि म्हणून एकाला फायद्याचा पडणारा दिवा दुसऱ्याला तितका पडेलच असे नाही. पुढील हिशेबात मी दर युनिटला दहा रुपये असा पूर्णांक धरला आहे, जेणेकरून वाचकाला आपल्या दरानुसार तो सहज वाढवता किंवा घटवता येईल.

तीन खोक्यांचा हिशेब

ढिगातून छाननीअंती जे नमुने उरले त्यांचे तीन वर्ग पडत होते, आणि प्रत्येक वर्गाचा एक प्रतिनिधी घेतला तर चित्र असे दिसते. पहिला खोका नऊ वॉट, ८१० ल्युमेन, किंमत सत्तर रुपये, हमी एक वर्ष. दुसरा खोका नऊच वॉट, परंतु ९०० ल्युमेन, किंमत शंभर रुपये, हमी दोन वर्षे. तिसरा खोका साडेसात वॉट, ९०० ल्युमेन, किंमत एकशेऐंशी रुपये, हमी दोन वर्षे. भागाकार केला तर एका वॉटमागे अनुक्रमे नव्वद, शंभर व एकशेवीस ल्युमेन येतात.

घरातल्या बैठकीच्या खोलीत दिवा रोज पाच तास जळतो असे धरले, तर पाच वर्षांत ९,१२५ तास होतात. नऊ वॉटच्या दिव्याला या काळात सुमारे ८२ युनिटे, म्हणजे ८२१ रुपयांची वीज लागते. साडेसात वॉटच्या दिव्याला सुमारे ६८ युनिटे, म्हणजे ६८४ रुपयांची. दिव्याची किंमत मिळवल्यावर पहिल्याचा एकूण खर्च ८९१, दुसऱ्याचा ९२१ आणि तिसऱ्याचा ८६४ रुपये होतो. परंतु पहिला दिवा उजेडच कमी देतो, म्हणून न्याय्य तुलना एकूण खर्चाची नसून सारख्या उजेडामागील खर्चाची हवी. प्रत्येक हजार ल्युमेनमागे खर्च काढला तर पहिला १,१००, दुसरा १,०२३ आणि तिसरा ९६० रुपये असा क्रम लागतो. काउंटरवर जो सर्वांत स्वस्त होता तो पाच वर्षांत सर्वांत महाग ठरला, आणि ज्याच्याकडे पाहून मान वळवली होती तो सर्वांत स्वस्त ठरला.

येथेच थांबणारे लोक या हिशेबाचा अर्धा भागच पाहतात. हेच तीन दिवे रोज एकच तास जळणाऱ्या माळ्यावरच्या किंवा कोठीच्या खोलीत लावून पाहा. पाच वर्षांत १,८२५ तास होतात, नऊ वॉटच्या दिव्याला १६४ रुपयांची व साडेसात वॉटच्या दिव्याला १३७ रुपयांची वीज लागते, आणि हजार ल्युमेनमागचा खर्च अनुक्रमे २८९, २९४ व ३५२ रुपये होतो. क्रम संपूर्ण उलटला. दिवे तेच, वेष्टने तीच, दर तोच. बदलला तो केवळ जळण्याचा अवधी, आणि तो अवधी कोणत्याही खोक्यावर छापलेला नसतो. सर्वांत स्वस्त दिवा कोणता, या प्रश्नाला म्हणूनच खोलीचे नाव सांगितल्याशिवाय उत्तर नाही.

आणखी एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. एलईडी दिव्यांसाठी जी आंतरराष्ट्रीय मानके रूढ आहेत ती नव्या दिव्याचे ल्युमेन छापील आकड्यापेक्षा दहा टक्क्यांपर्यंत कमी व वॉट दहा टक्क्यांपर्यंत अधिक असण्याची सवलत उत्पादकाला देतात. पहिल्या आणि दुसऱ्या खोक्यातील उजेडाची तफावत नेमकी दहा टक्क्यांची आहे. तेव्हा केवळ छपाईवर विसंबून त्या दोघांत डावे-उजवे करणे धाडसाचे होईल, आणि तेथे हमीचे जास्त असलेले एक वर्ष हाच अधिक भक्कम निकष ठरतो. दुसऱ्या व तिसऱ्या खोक्यातली तफावत मात्र एका वॉटमागील उजेडात वीस टक्क्यांची आहे, आणि ती सहसा अशा सवलतीत विरून जात नाही.

पंचवीस हजार तासांचे प्रकरण

तिन्ही खोक्यांवर आयुष्य एकच छापलेले होते: पंचवीस हजार तास. रोज पाच तासांच्या हिशेबाने हे साडेतेरा वर्षांहून अधिक भरते, आणि संस्थेच्या जिन्यात साडेपाच वर्षांहून अधिक. बैठकीला संस्थेचा नेहमीचा वायरमन हजर होता, त्याने हा आकडा ऐकून शांतपणे सांगितले, “काकू, ते पंचवीस हजार आतल्या चिपांचं आहे. चिप सहसा जात नाही. जातो तो ड्रायव्हर. जिन्यातला बंद डोम असेल तर आणखी लवकर.”

त्याचे म्हणणे शास्त्रशुद्ध होते. एलईडीचे आयुष्य म्हणून जो आकडा दिला जातो तो दिवा बंद पडण्याचा नसून, त्याचा उजेड मूळच्या सत्तर टक्क्यांवर येण्याचा असतो. चिपांची प्रयोगशाळेतील चाचणी सहा हजार तास, म्हणजे अडीचशे दिवस चालते आणि पुढचा काळ त्या मापनांवरून गणिताने अनुमानिला जातो. प्रचलित पद्धतीत हे अनुमान चाचणीच्या काळाच्या जास्तीत जास्त सहा पटींपर्यंतच नेण्याची मुभा आहे. हे अनुमान चिपांपुरते खरे असू शकते. परंतु दिव्याच्या बुडाशी जे लहानसे विद्युत्-मंडळ असते, ज्याला वायरमन ड्रायव्हर म्हणतात, त्यातील कपॅसिटर हा उष्णतेपुढे फार लवकर हार खातो. तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. वर काचेचे किंवा प्लास्टिकचे बंद झाकण असेल, छत तापलेले असेल, किंवा वीजदाब वारंवार चढत-उतरत असेल, तर चिपा सुस्थितीत असूनही दिवा मरतो. मरण्यापूर्वी तो बहुधा मिणमिणू लागतो, किंवा लागल्यावर थोड्या वेळाने आपोआप मालवून पुन्हा लागतो. ही लक्षणे चिपांची नसून ड्रायव्हरची आहेत. म्हणून खोक्यावरील आयुष्याखाली ‘बंद झाकणात वापरू नये’ अशी सूचना आहे काय, आणि दाबाची मर्यादा २२० ते २४० व्होल्ट इतकी अरुंद आहे की त्याहून ऐसपैस, हे दोन्ही छायाचित्रात शोधून पाहावे.

अधिक कार्यक्षम दिवे या बाबतीतही पुष्कळदा वरचढ असतात, त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. चिपेतून प्रवाह जितका अधिक लोटावा तितकी तिची कार्यक्षमता घटते आणि ती अधिक तापते. म्हणून तेवढाच उजेड थोड्या चिपांकडून रेटून काढण्याऐवजी पुष्कळ चिपांकडून कमी प्रवाहावर काढला, तर वीज वाचते आणि दिवा थंड राहतो. फक्त चिपांची संख्या वाढल्याने किंमत चढते. दुबई नगरपालिकेच्या पुढाकाराने फिलिप्सने २०१६ मध्ये तेथील बाजारासाठी याच तत्त्वावर दिवे तयार केले. त्यांतला तीन वॉटचा दिवा सहाशे ल्युमेन देतो, म्हणजे एका वॉटमागे दोनशे. अर्थात वॉटमागे ल्युमेन अधिक एवढ्यावरून ड्रायव्हरही चांगला असेलच असे सिद्ध होत नाही, आणि ड्रायव्हरची प्रत वेष्टनाच्या छायाचित्रात दिसण्याचा कोणताही उपाय नाही. तिच्याविषयी उत्पादकाने पैशांनिशी दिलेली एकमेव साक्ष म्हणजे हमीची मुदत.

किंमत कधी फिटते

येथवर आल्यावर निर्णयाचा प्रश्न एकाच आकड्यावर येऊन ठेपतो. दुसऱ्या व तिसऱ्या खोक्यात किमतीचा फरक ऐंशी रुपयांचा आणि विजेचा फरक दीड वॉटचा. दीड वॉट म्हणजे हजार तासांना दीड युनिट, दहा रुपये दराने पंधरा रुपये. तेव्हा ऐंशी रुपये फिटण्यास सुमारे ५,३३३ तास लागतात. दर बारा रुपये असेल तर हा काळ सुमारे ४,४४४ तासांवर येतो. या तासांची तुलना खोक्यावरील पंचवीस हजारांशी न करता हमीच्या मुदतीत आपल्याकडे होणाऱ्या तासांशी केली, की उत्तर आपोआप निघते.

जिन्यातले दिवे रोज बारा तास जळतात; दोन वर्षांच्या हमीत ८,७६० तास होतात. म्हणजे सुमारे सव्वा वर्षात वाढीव किंमत फिटते, आणि त्यापूर्वी दिवा गेलाच तर तो बदलून मिळण्याचा हक्क शाबूत असतो. बैठकीच्या खोलीत रोज पाच तासांनी दोन वर्षांत ३,६५० तासच होतात. किंमत फिटण्यास जवळजवळ तीन वर्षे लागतात, म्हणून शेवटचे सुमारे अकरा महिने जोखीम ग्राहकाची. ज्याचा त्या उत्पादकावर अनुभवाने विश्वास आहे त्याने ती पत्करावी, इतरांनी दुसऱ्या खोक्यावर समाधान मानावे. कोठीच्या खोलीत किंमत फिटण्यास साडेचौदा वर्षे लागतील, आणि तेथे महाग दिवा लावण्याला हिशेबाचा कोणताही आधार नाही.

संस्थेच्या चोवीस दिव्यांसाठी बाईंनी हिशेब पुढे नेला. पाच वर्षांत प्रत्येक दिवा २१,९०० तास जळणार. दुसऱ्या प्रकारच्या दिव्यांना मिळून सुमारे ४७,३०० रुपयांची वीज लागेल, तिसऱ्या प्रकारच्यांना सुमारे ३९,४०० रुपयांची. विजेतील बचत ७,९०० रुपयांच्या घरात, आणि त्यासाठी खरेदीच्या वेळी द्यावयाची जादा रक्कम १,९२० रुपये. पुढे त्यांनी जो प्रश्न विचारला तो कोणत्याही लेखापरीक्षकाला शोभेल असा होता: दिवे अपेक्षेपेक्षा लवकर गेले आणि हमीचा उपयोग झाला नाही तर काय? दोन्ही प्रकारचे दिवे मध्यंतरी एकदा बदलावे लागले तर निव्वळ फायदा सुमारे ४,००० रुपयांवर येतो. तीनदा बदलावे लागले, म्हणजे पाच वर्षांत चार संच लागले, तर तो दोनशे रुपयांपर्यंत खाली येऊन जवळजवळ नाहीसा होतो. कारण तेव्हा प्रत्येक दिव्याच्या वाट्याला ५,४७५ तास येतात, आणि किंमत फिटण्याचे तास तर ५,३३३ आहेत. जिन्यात बंद डोम नाहीत, दिवे उघड्या होल्डरमध्ये आहेत, हे वायरमनकडून खात्री करून घेतल्यावर तिसरा खोका मंजूर झाला. माळा, पाण्याच्या टाकीची खोली व मीटरची खोली यांसाठी त्याच बैठकीत दुसरा खोका मंजूर झाला, आणि एकाच बैठकीत दोन निरनिराळे दिवे का, याचा खुलासा इतिवृत्तात तासांसह नोंदवला गेला.

पडताळणी

दिवे लावल्यावर वेष्टनावरचा वॉटचा आकडा खरा आहे की नाही, हे पाहण्याची सोय प्रत्येक इलेक्ट्रॉनिक मीटरमध्येच असते, आणि तिचा उपयोग फार थोडे लोक करतात. मीटरवर एक लाल ठिपका लुकलुकत असतो, आणि एका युनिटमागे तो किती वेळा लुकलुकतो हे मीटरच्या दर्शनी भागावर छापलेले असते. हा आकडा प्रत्येक मीटरचा वेगळा असू शकतो. तो ३२०० असेल, आणि जोडणीवरचे पंप व इतर सर्व उपकरणे बंद करून फक्त चोवीस दिवे चालू ठेवले, तर नऊ वॉटच्या दिव्यांना दहा मिनिटांत सुमारे ११५ वेळा व साडेसात वॉटच्या दिव्यांना ९६ वेळा लुकलुकणे अपेक्षित आहे. संस्थेत ही मोजणी झाली तेव्हा ९८ आले, म्हणजे छापील आकड्याहून दोनेक टक्के अधिक, आणि ते मानकाच्या सवलतीत सहज बसते. उजेडाची पडताळणी घरगुती साधनांनी इतकी नेमकी होत नाही. मोबाइलमधील प्रकाशमापक निरपेक्ष आकडा विश्वासार्ह देत नसला तरी एकाच जागी, रात्री, तोच मोबाइल ठेवून दोन दिवे आळीपाळीने लावले तर त्यांतला कोणता किती टक्क्यांनी उजळ आहे हे पुरेसे कळते.

हिशेबाच्या शेवटी प्रमाणाचे भान ठेवले पाहिजे. तारेच्या साठ वॉटच्या दिव्याने याच बैठकीच्या खोलीत पाच वर्षांत साडेपाच हजार रुपयांच्या आसपास वीज खाल्ली असती. तो काढून कोणताही बरा एलईडी लावला तेव्हाच मोठी बचत पदरात पडली, आणि आज एका एलईडीऐवजी दुसरा निवडून हजार ल्युमेनमागे जे वाचते ते पाच वर्षांत शंभर-दीडशे रुपये आहे. नऊ वॉटचा दिवा रोज एक तास कमी जाळला तर त्याच काळात १६४ रुपये वाचतात. म्हणून निवडीचा हा खटाटोप जेथे दिवा दीर्घकाळ जळतो आणि दिव्यांची संख्या मोठी आहे अशा जागी, म्हणजे जिने, वाहनतळ, शाळांचे व्हरांडे, रुग्णालयांचे मार्ग आणि दिवसभर उघडी असणारी दुकाने येथे करावा. घरात स्वयंपाकघर व बैठकीची खोली एवढ्यांपुरता तो पुरे.

संस्थेने आता प्रत्येक दिव्याच्या पांढऱ्या कडेवर तो लावल्याची तारीख न पुसणाऱ्या शाईने लिहिली आहे, आणि खरेदीची पावती व खोक्याच्या चारही बाजूंची छायाचित्रे दप्तरात एकत्र ठेवली आहेत, कारण हमी मागताना दुकानदार याच दोन गोष्टी मागतो. दिवा बदलला की वायरमनने जुन्या दिव्यावरची तारीख व जागा एका नोंदवहीत उतरवावयाची आहे. तीन-चार वर्षांनी पुन्हा खरेदीची वेळ येईल तेव्हा पंचवीस हजार तासांच्या जागी या नोंदवहीतून निघालेली सरासरी बाईंच्या तक्त्यात बसेल, आणि ५,३३३ तासांपुढे ती किती गेली, यावरून महाग दिवा पुन्हा घ्यावा की नाही याचा निर्णय संस्थेला स्वतःच्या जिन्यातल्या पुराव्यावर करता येईल.